मथळा: किती लांब, नाव कुठे, बदलायचा कसा

जिल्ह्याच्या ठिकाणी चार-पाच माणसांवर चालणाऱ्या बातमीकक्षात मथळ्याचे नियम बहुधा तोंडी असतात, आणि तोंडी नियमांत ऐकीव गोष्टी फार लवकर शिरतात. अशा काही समजुती एकाच बातमीवर तपासून पाहू. समजा, पावसाळ्यातला दिवस आहे आणि मथळा असा आहे: ‘खडकवासला धरण: मुठेत १५ हजार क्युसेक विसर्ग, भिडे पूल बंद’.

गैरसमज: मथळा साठ अक्षरांच्या आत बसला की झाले.

गूगलने मथळ्याला अक्षरांची मर्यादा घातलेली नाही. शोधनिकालात मथळा जिथे तुटतो ते त्या पडद्यावरच्या जागेनुसार ठरते. देवनागरीत आणखी एक पेच आहे. वरचा मथळा डोळ्यांनी मोजला, तर मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे धरून ४० अक्षरे भरतात. संगणक मात्र काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजतो, त्यामुळे त्याच्या हिशेबी ती ५६ होतात. एकटा ‘विसर्ग’ शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, मोजणीत सहाचा. म्हणजे इंग्रजीवरून उचललेला ‘साठ’चा आकडा मराठी मथळ्याला विनाकारण कात्री लावतो. आणि जोडाक्षरे तर रुंदीलाही मोठी असू शकतात. म्हणून नियमपुस्तिकेत आकड्याऐवजी कृती लिहावी: मथळा साध्या मोबाइलवर उघडून पाहावा, आणि शेवटचे दोन-तीन शब्द झाकले तरी बातमी कळते का ते तपासावे. इथे ‘भिडे पूल बंद’ झाकले, तर नदीकाठच्या माणसाला सर्वांत उपयोगाची गोष्टच हरवते. म्हणून ती पुढे आणायला हवी: ‘भिडे पूल बंद, खडकवासला धरणातून १५ हजार क्युसेक विसर्ग’.

गैरसमज: महत्त्वाचा शब्द जितक्या वेळा, तितका मथळा वर.

एकदा पुरतो, फक्त तो लवकर यावा. पानाच्या आत दडवलेल्या कीवर्डच्या यादीचा क्रमवारीसाठी आपण वापर करत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितले आहे. मराठीत खरी अडचण वेगळी आहे. विभक्ती लागली की नावाचे रूप बदलते: पुणे–पुण्यात, सातारा–साताऱ्यात, खडकवासला–खडकवासल्यातून. वाचक शोधताना बहुधा मूळ नाव टाइप करतो, आणि यंत्र प्रत्येक वेळी दोन्ही रूपे जुळवेलच यावर विसंबू नये. ‘खडकवासल्यातून विसर्ग’पेक्षा ‘खडकवासला धरणातून विसर्ग’ लिहिले की प्रत्यय ‘धरण’ला लागतो आणि गावाचे नाव शाबूत राहते. ‘पुणे शहरात’, ‘सातारा जिल्ह्यात’ ही त्याच युक्तीची रूपे. मात्र वाक्य त्यामुळे अवघडत असेल, तर मी सरळ वाक्याच्या बाजूने उभा राहीन.

गैरसमज: माहिती बदलली की मथळा बदलायचा, काम संपले.

दुपारी विसर्ग २५ हजारांवर गेला. संपादकाने पानावरचा मथळा बदलला. पण मथळा एकाच जागी नसतो:

```
<title>…</title>
<h1>…</h1>
<meta property="og:title" content="…">
"headline": "…"
```

यांतले एखादे ठिकाण जुनेच राहिले, तर शोधनिकालात १५ हजार आणि पानावर २५ हजार दिसू शकते. व्हॉट्सॲपवर आधी पाठवलेल्या दुव्याखालचा मथळा बदलत नाही, कारण ती चौकट पाठवतानाच तयार झालेली असते. फेसबुकसाठी त्यांच्या Sharing Debugger मध्ये दुवा टाकून Scrape Again दाबावे लागते. मोबाइलवर वाचली गेलेली सूचना तर परत बोलावता येत नाही. इशारा बदलला असेल, तर नवी सूचना पाठवणे हाच मार्ग. बदलता आकडा पानाच्या पत्त्यात कधीच घालू नये. `khadakwasla-visarg-bhide-pul` दिवसभर चालतो, `15000-cusec` दुपारी खोटा ठरतो. पत्ता बदललाच, तर जुन्यावरून नव्याकडे कायमचे वळण, म्हणजे 301, द्यावे, नाहीतर सकाळी पाठवलेले सगळे दुवे तुटतात.

याहून अधिक काळजी घ्यावी लागते ती बदलाच्या कारणाची. परिस्थिती बदलली, तर मजकुराच्या वर वेळेसह ‘अद्ययावत’ लिहावे. आपलेच चुकले असेल, उदाहरणार्थ पूल सुरू असताना ‘बंद’ छापले असेल, तर ‘दुरुस्ती’ हा शब्द वापरून आधी काय लिहिले होते तेही सांगावे. नुसते ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, तर टिपणीची गरज नाही. ‘अद्ययावत’च्या आड चूक लपवणे मला अक्षम्य वाटते, कारण सकाळी तो मथळा वाचून वाट बदललेल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही.

`dateModified` फक्त मजकुरात खरा बदल झाल्यावर हलवावे, `datePublished` मूळचेच ठेवावे. काहीही नवे नसताना तारीख पुढे ढकलून बातमी ताजी दाखवू नये, असे गूगलच्या सूचनांतही आहे. आणि ‘आज’, ‘उद्या’ हे शब्द मथळ्यातून काढून वार लिहावा. मंगळवारी ‘उद्या पूल बंद’ म्हटलेला दुवा गुरुवारीही कुणाच्या तरी गटात फिरत असतो.