जुळ्यांची वार : 'एकच' या शब्दाचे दोन अर्थ

गर्भ जुळे असल्याचे सोनोग्राफीत दिसून आले म्हणजे घरच्या माणसांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो, मुले एकमेकांसारखी दिसतील काय, हा. वैद्यकाचा पहिला प्रश्न मात्र निराळा असतो. दोन्ही गर्भांची वार सामाईक आहे की प्रत्येकाची स्वतंत्र, हे त्यास आधी ठरवावयाचे असते. कारण पुढील तपासणीचा सारा क्रम ह्या एका उत्तरावर अवलंबून असतो. हे उत्तर कसे मिळते, ते लवकरच का मिळवावे लागते, आणि ते हुकल्यास काय होते, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

प्रथम दोन कल्पनांची गल्लत दूर केली पाहिजे. दोन स्वतंत्र बीजांपासून झालेल्या जुळ्यांना, अत्यंत विरळ अपवाद वगळता, दोन वारा असतात. एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन झालेल्या जुळ्यांना मात्र वार एकच असते, असे म्हणता येत नाही. ते विभाजन पहिल्या तीन दिवसांत झाले, तर प्रत्येक गर्भास स्वतःची वार व स्वतःचे जरायू, म्हणजे बाहेरचे आवरण, लाभते. साधारणतः चौथ्या ते आठव्या दिवसात विभाजन झाले, तर वार व जरायू सामाईक राहून उल्ब, म्हणजे गर्भजलाची आतली पिशवी, तेवढी वेगळी होते. त्याहूनही उशीर झाल्यास पिशवीही एकच राहते. एकबीज जुळ्यांपैकी सुमारे एकतृतीयांशांच्या वारा स्वतंत्र असतात. तेव्हा 'एकबीज' आणि 'एकजरायुक' हे शब्द समानार्थी नव्हेत.

दुसरी गल्लत तपासणीच्या अहवालातील 'एकच वार दिसते' ह्या वाक्यात दडलेली असते. हे वाक्य दोन अर्थांनी वाचता येते. दोन स्वतंत्र वारा गर्भाशयात शेजारी शेजारी रुजल्या, तर वाढता वाढता त्यांच्या कडा मिळतात आणि पडद्यावर एकच सलग पट्टा दिसतो. दोन शेतांमधील बांध मोडल्यावर लांबून एकच शेत दिसावे, तसा हा प्रकार होय. येथे 'एकच' हा शब्द केवळ आकाराविषयी बोलतो, रक्तवाहिन्यांच्या भागीदारीविषयी नव्हे. म्हणून वारेचे पट्टे मोजणे हा निर्णयाचा पुरेसा आधार नाही. दोन गर्भांमधील पडदा वारेस जेथे मिळतो, ते स्थान पाहावे लागते.

वारा स्वतंत्र असतील, तर ह्या पडद्यात उल्बाचे दोन पदर आणि त्यांच्यामध्ये जरायूचे दोन पदर असतात. पडद्याच्या मुळाशी वारेचे ऊतक पाचरीसारखे वर शिरते व तेथे त्रिकोण दिसतो. ग्रीक लिपीतील लॅम्डा ह्या अक्षराशी साम्य असल्याने त्यास लॅम्डा-चिन्ह म्हणतात. वार सामाईक असेल, तर पडद्यात उल्बाचे दोन पातळ पदर तेवढे असतात. ते वारेस काटकोनात मिळतात आणि पाचर दिसत नाही. हे इंग्रजी टी अक्षरासारखे चिन्ह होय. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान ही दोन चिन्हे सर्वांत स्पष्ट वाचता येतात. त्याही आधी, सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास, गर्भकोश मोजूनच निर्णय होऊ शकतो: दोन वेगळे कोश म्हणजे दोन वारा, एकाच कोशात दोन गर्भ म्हणजे सामाईक वार.

पुढे जरायूचे पदर विरळ होत जातात व पाचर बोथट होते. विसाव्या आठवड्यानंतर लॅम्डा दिसला तर तो ग्राह्य धरता येतो. पण तो दिसला नाही, एवढ्यावरून वार सामाईक आहे असे म्हणता येत नाही. अशा वेळी गर्भांचे लिंग भिन्न असणे हा वारा स्वतंत्र असल्याचा पुरावा मानला जातो. परंतु आपल्याकडे १९९४ च्या प्रसवपूर्व निदानविषयक कायद्याने गर्भाचे लिंग कोणत्याही प्रकारे कळविण्यास मनाई आहे. त्यामुळे हा पुरावा अहवालात लिहिला जाऊ शकत नाही आणि पुढच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही. लवकर केलेल्या तपासणीचे महत्त्व ह्यामुळे येथे अधिकच वाढते.

आता निर्णयाचा परिणाम पाहू. सामाईक वारेत दोन्ही गर्भांच्या रक्तवाहिन्या बहुधा एकमेकींस जोडलेल्या असतात. रक्ताची ही देवघेव समतोल असेपर्यंत अपाय होत नाही. परंतु शंभरांपैकी सुमारे दहा ते पंधरा अशा गर्भारपणांत ती एकतर्फी होते. देणाऱ्या गर्भाचे रक्त घटते, लघवी कमी होते आणि त्याचे गर्भजल आटते. घेणाऱ्याचे गर्भजल वाढते व त्याच्या हृदयावर भार पडतो. एका पिशवीतील पाण्याची सर्वांत खोल जागा २ सेंटिमीटर वा त्याहून कमी आणि दुसरीतील ८ सेंटिमीटर वा त्याहून अधिक भरली, की हे निदान होते. विसाव्या आठवड्यानंतर पुष्कळ ठिकाणी ८ ऐवजी १० ही मर्यादा धरतात. हा बदल थोड्या दिवसांतही घडू शकतो. म्हणून एकजरायुक जुळ्यांची तपासणी १६ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी करतात. द्विजरायुक जुळ्यांत हा धोका जवळजवळ नसल्याने २० व्या आठवड्यापासून दर चार आठवड्यांनी केलेली तपासणी पुरते. निदान वेळेवर झाले, तर दुर्बिणीतून लेसरने त्या जोडवाहिन्या बंद करता येतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत ह्या उपायाने निदान एक तरी मूल वाचण्याचे प्रमाण शेकडा ७६ होते. वारंवार पाणी काढण्याच्या जुन्या उपायाने ते ५६ होते. हा लेसरोपचार सामान्यतः १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान करतात.

जालना जिल्ह्यातील एक उदाहरण कल्पून पाहू. मंठा तालुक्यातील एका स्त्रीची शेवटची पाळी १ सप्टेंबरला आली. नोव्हेंबरच्या आरंभी तिचे कुटुंब ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात गेले आणि १ एप्रिलला परतले. बारावा आठवडा २४ नोव्हेंबरला, म्हणजे ती फडावर असताना, पुरा होतो. परतल्यावर पहिली सोनोग्राफी होते तेव्हा तीस आठवडे उलटलेले असतात. जुळी दिसतात, वारेचा पट्टा एक दिसतो, लॅम्डा दिसत नाही. ह्यातून काहीच निश्चित होत नाही. वार सामाईक असती, तर २२ डिसेंबर ते ३० मार्च ह्या काळात आठ तपासण्या व्हावयास हव्या होत्या. स्वतंत्र असती, तर तीन पुरल्या असत्या. झाली एकही नाही, आणि लेसरचा काळही निघून गेला. उलट, तीच स्त्री निघण्यापूर्वी, २७ ऑक्टोबरला, तपासली गेली असती, तर आठ आठवडे पूर्ण झालेले असते आणि कोश मोजून उत्तर मिळाले असते. ते कागदावर घेऊन ती गेली असती, म्हणजे फडाजवळच्या डॉक्टरांनाही पुढील क्रम ठरविता आला असता. पोट एकाएकी वाढू लागले वा धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावयाचा, हेही तिला सांगून ठेवता आले असते.

अनिश्चित अवस्थेसाठी प्रसूतिशास्त्राने एक नियम घालून दिला आहे: दुसऱ्या जाणत्याचे मत घ्यावे, आणि तरीही उलगडा न झाल्यास वार सामाईक आहे असे धरून चालावे. जादा तपासण्यांनी होणारी हानी थोडी. चुकलेल्या तपासणीची भरून न येणारी. मात्र हा नियम गमावलेल्या माहितीची जागा घेऊ शकत नाही. म्हणून पहिल्या अहवालात 'एकच वार' असे संदिग्ध न लिहिता 'एकजरायुक' किंवा 'द्विजरायुक' ह्यांपैकी एक शब्द, तो कोणत्या चिन्हावरून ठरविला त्याचा उल्लेख, आणि त्या चिन्हाचे छायाचित्र असावे. स्त्री फडावर जावो की बाळंतपणासाठी माहेरी, तो कागद तिच्याबरोबर जातो. पडद्यावरचे चिन्ह तोवर पुसट होऊन गेलेले असते.