सनस्क्रीनवर खापर फोडण्याआधी

रक्ततपासणीचा कागद हातात येतो, ड जीवनसत्त्वापुढे 11 असा आकडा दिसतो आणि घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "रोज ते क्रीम फासतेस ना तोंडाला, म्हणून!" मग सनस्क्रीनची ट्यूब कपाटात जाते. दोन-तीन महिन्यांनी गालावरचे वांग गडद झालेले असतात आणि ड जीवनसत्त्वाचा आकडा मात्र होता तिथेच असतो. असं का होतं, हे समजून घ्यायला हवं, कारण खापर फोडायला सनस्क्रीन सोयीचं असलं तरी खरं कारण बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं.

शंका अगदी निराधार नाही. उन्हातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात. त्यातले यूव्हीबी किरण त्वचेतल्या कोलेस्टेरॉलसारख्या एका द्रव्यावर पडले की त्यातून ड जीवनसत्त्व तयार व्हायला सुरुवात होते; पुढचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. त्वचा भाजते तीही मुख्यतः याच यूव्हीबीमुळे, आणि सनस्क्रीन अडवतं तेही यूव्हीबीच. नीट लावलेलं एसपीएफ 30 चं सनस्क्रीन सुमारे 97 टक्के यूव्हीबी रोखतं. 1987 मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेत हे तपासलं गेलं. सनस्क्रीन लावलेल्या माणसांवर कृत्रिम अतिनील किरण सोडले, तर रक्तातलं ड जीवनसत्त्व जवळजवळ वाढलंच नाही. सनस्क्रीनवरचा आरोप तेव्हापासून पक्का झाला.

पण प्रयोगशाळेतला थर आणि आपल्या गालावरचा थर यांत फार अंतर आहे. एसपीएफचा आकडा ठरवताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात. चेहरा आणि गळा मिळून सुमारे 600 चौरस सेंटिमीटर धरले, तर एका वेळी सव्वा ग्रॅमच्या आसपास क्रीम लागेल. म्हणजे दिवसातून एकदाच लावलं तरी 50 ग्रॅमची ट्यूब चाळीसेक दिवसांत संपायला हवी. तुमची ट्यूब चार महिने पुरत असेल, तर तुम्ही एक तृतीयांश मात्राच लावता आहात आणि डब्यावर छापलेलं संरक्षण तुम्हाला मिळत नाही. त्यातही घामाने, स्कार्फने, हात फिरवल्याने थर पुसला जातो.

खऱ्या जगण्यात काय घडतं, ते ऑस्ट्रेलियाने तपासलं. त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण तिथे जगात सर्वाधिक असल्याने हा प्रश्न त्यांच्यासाठी तातडीचा होता. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चाळिशीपुढच्या 113 जणांना उन्हाळाभर रोज लावायला क्रीम दिलं. निम्म्यांचं सनस्क्रीन होतं, निम्म्यांचं नुसतंच क्रीम. उन्हाळा संपताना दोन्ही गटांत ड जीवनसत्त्व सारखंच वाढलेलं होतं. नंतरच्या इतर पाहण्यांतही साधारण हेच दिसलं. मात्र हे सनस्क्रीन एसपीएफ 17 सारखं सौम्य होतं. आजच्या 50 प्लसचं काय, याचं उत्तर 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सन-डी' चाचणीने दिलं. तिच्यात 639 ऑस्ट्रेलियन प्रौढांपैकी एका गटाने ऊन प्रखर असेल त्या प्रत्येक दिवशी कपड्यांबाहेरच्या सगळ्या त्वचेला एसपीएफ 50 प्लस लावलं. दुसऱ्या गटाने नेहमीसारखं, वाटेल तेव्हा. वर्षअखेरीस पहिल्या गटातल्या सुमारे 46 टक्के लोकांत ड जीवनसत्त्वाची कमतरता होती, दुसऱ्या गटात 37 टक्के.

म्हणजे फरक पडतो, आणि तो लपवण्याचं कारण नाही. पण सरासरी फरक सुमारे 2 नॅनोग्रॅमचा होता. 20 च्या खाली कमतरता धरली जाते. ज्याचा आकडा 21 आहे, तो या फरकाने रेषेखाली जाईल. ज्याचा 11 आहे, त्याचं दुखणं सनस्क्रीनने आणलेलं नाही.

मग कुणी आणलं? एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात हिंजवडीला नोकरी करणारी एक चौतीस वर्षांची बाई आहे. सकाळी पावणेनऊला स्कूटर काढते. तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट, हातात मोजे, पायात लेगिंग आणि बूट. सव्वानऊला ती ऑफिसात असते आणि सात वाजता बाहेर पडते. दुपारी काचेच्या भिंतीशेजारी भरपूर उजेडात बसते, पण साध्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ आत येतच नाही. यूव्हीए नावाचा दुसरा प्रकार मात्र येतो. तो ड जीवनसत्त्व बनवत नाही आणि वांग वाढवतो. थोडक्यात, उन्हाचा तोटा तेवढा तिच्या वाट्याला येतो आहे.

आता तिच्या सनस्क्रीनचा हिशेब करू. पुढून दिसणारा चेहरा हा शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम चार-पाच टक्के भाग. कोपरापासून खालचे दोन्ही हात पंजांसकट दहा-अकरा टक्के, गुडघ्याखालचे दोन्ही पाय साधारण चौदा टक्के. ड जीवनसत्त्व किती बनेल, हे किती त्वचेवर ऊन पडतं यावर ठरतं. चेहऱ्याचे पाच टक्के झाकल्याने तिचं फार काही गेलेलं नाही. हातापायांचे पंचवीस टक्के कापडाखाली असल्याने गेलं आहे. त्यातून ती उन्हात असते ती वेळही उपयोगाची नाही.

या वेळेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सकाळच्या कोवळ्या उन्हाबद्दल आपल्याकडे फार जुना विश्वास आहे. कोवळं ऊन सुखद असतं, पण ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत ते जवळजवळ रिकामं असतं. सूर्य खाली असताना त्याचे किरण वातावरणातून तिरपे, लांबचा रस्ता कापून येतात आणि वाटेत ओझोनचा थर यूव्हीबी गाळून टाकतो. सातच्या उन्हात तासभर बसूनही आकडा का हलत नाही, याचं उत्तर इथे आहे. ओळखायची खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर त्या उन्हात पुरेसं यूव्हीबी आहे. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीसही भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 48 अंशांवर येतो, म्हणजे सावली किंचित का होईना आखूड असते. महाराष्ट्रात वर्षभर दुपारच्या उन्हात ड जीवनसत्त्व बनू शकतं, पावसाळी ढग सोडले तर. लंडनमध्ये त्याच दिवशी सूर्य जेमतेम 15 अंशांवर असतो. तिथे राहणाऱ्या मराठी माणसाने हिवाळ्यात कितीही ऊन खाल्लं तरी उपयोग नाही. म्हणून ब्रिटनमध्ये हिवाळ्यात सर्वांना आणि सावळ्या त्वचेच्या लोकांना वर्षभर रोज 400 युनिटांची गोळी घ्यायला सांगतात.

किती वेळ, हा पुढचा प्रश्न, आणि इथे आपल्या त्वचेचा रंग मध्ये येतो. मेलॅनिन हे अंगचं सनस्क्रीनच आहे. ते कर्करोगापासून बरंच वाचवतं आणि त्याच कारणाने ड जीवनसत्त्व बनायला आपल्याला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. परदेशी मासिकांतला 'दहा मिनिटं पुरे' हा सल्ला आपल्याला लागू पडत नाही. ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई त्वचेसाठी मँचेस्टरच्या संशोधकांनी दुपारची सुमारे 25 मिनिटं काढली, तीही उन्हाळ्यात हात-पाय उघडे ठेवून. पुण्यातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या अभ्यासात, नेहमीच्या कपड्यांत येता-जाता मिळणारं ऊन धरलं, तर रोज तासाभराहून जास्त लागतं असं दिसलं. दोन आकड्यांतला फरक मुख्यतः कपड्यांचा आणि वेळेचा आहे.

तेव्हा आमच्या हिंजवडीकर बाईंनी काय करावं? चेहऱ्याचं सनस्क्रीन चालू ठेवावं, आणि पुरेसं लावावं. वांग असतील तर रंग मिसळलेलं घ्यावं. त्यातली आयर्न ऑक्साइडं दृश्य प्रकाशालाही अडवतात. आठवड्यातून तीन-चारदा जेवणाच्या सुट्टीत बाह्या कोपरापर्यंत दुमडून, जमल्यास पाय उघडे ठेवून वीस-तीस मिनिटं चालावं, चेहऱ्यावर टोपीची सावली असू द्यावी. हातापायांना त्या वेळी सनस्क्रीन नको. त्याहून जास्त वेळ बाहेर राहायचं असेल, तर नंतर लावावं. तासन् तास तापत बसण्यात अर्थ नाही, कारण ठरावीक वेळानंतर त्वचा जास्तीचं द्रव्य निरुपयोगी रूपात बदलून टाकते. थोडं थोडं, पुनःपुन्हा घेतलेलं ऊनच कामी येतं. एप्रिल-मे मध्ये दुपारची वेळ टाळावी. तेव्हा दहाच्या सुमारासच सावली आखूड झालेली असते. त्वचा लालसर होऊ लागली किंवा चुणचुणली, तर वेळ जास्त झाली. ल्यूपस असलेल्यांनी, अंगावर कोड असणाऱ्यांनी किंवा ज्यांच्या औषधांमुळे ऊन सोसत नाही त्यांनी हा मार्ग धरूच नये. त्यांच्यासाठी सनस्क्रीन आणि गोळी हीच जोडी बरी.

आणि खरं सांगायचं तर 11 चा आकडा नुसत्या उन्हाने लवकर वर येणार नाही. बांगडा, तारली, अंड्याचा बलक यांतून थोडं मिळतं. शाकाहारी ताटात ड जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. अशा वेळी डॉक्टर सहसा 60,000 युनिटांची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्याला एक, अशी आठ आठवडे देतात. 'आठवड्याला' हा शब्द दोनदा वाचावा. हीच पुडी चुकून रोज घेतल्याने किंवा 'बरं वाटतं' म्हणून महिनोन्‌महिने चालू ठेवल्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, वारंवार लघवी, भ्रम आणि मूत्रपिंडांना इजा इथपर्यंत मजल जाते. उन्हातून असं कधीच होत नाही; गोळीतून होतं. कोर्स संपल्यावर रोजची छोटी मात्रा पुरते. पुरेसं ऊन मिळत नसलेल्या भारतीय प्रौढांसाठी आयसीएमआरने 2020 मध्ये 600 युनिटांचा आकडा दिला आहे.

तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. तेव्हाही आकडा हलला नसेल, तर आधी गोळी कशी घेतली ते पाहावं, कारण ड जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळतं आणि उपाशीपोटी घेतलं तर नीट शोषलं जात नाही. वजन बरंच जास्त असेल तर मात्राही जास्त लागते. त्यानंतर डॉक्टर आतड्यांचे आजार किंवा फिट्सवरच्या काही जुन्या गोळ्या यांचा शोध घेतात.