नफ्याच्या ओळीखाली राहणारा नफा

साताऱ्याची महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी अनेकांना ‘प्रिया’ स्कूटरमुळे आठवते. 1975 मध्ये बजाज ऑटो आणि राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून ती उभी केली. स्कूटर केव्हाच बंद झाली. कंपनी मात्र शेअर बाजारात अजून आहे. तिची खरी मालमत्ता म्हणजे बजाज ऑटो, बजाज फायनान्स आणि बजाज फिनसर्व्ह या कंपन्यांचे जुने शेअर. तिच्या ताळेबंदाची खुबी समजली की ‘अदर कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कम’ म्हणजे ओसीआय हे अवघड नावाचं प्रकरण बरंचसं उलगडतं.

31 मार्च 2020. टाळेबंदी नुकतीच सुरू झाली होती आणि बाजार कोसळला होता. बजाज फायनान्सचा शेअर त्या दिवशी 2,200 रुपयांच्या थोडा वर होता. वर्षभरानं, 31 मार्च 2021 ला, तोच शेअर 5,100 च्या पुढे होता. महाराष्ट्र स्कूटर्सकडे असे सुमारे 1 कोटी 90 लाख शेअर होते. म्हणजे या एकाच गुंतवणुकीची किंमत वर्षभरात साडेपाच हजार कोटींच्या आसपास वाढली.

त्या वर्षी कंपनीच्या नफ्यात यातलं किती आलं? काहीच नाही. उलट, तिच्या उत्पन्नाचा मुख्य आधार असलेला लाभांशच आटला होता. 1 एप्रिल 2020 पासून लाभांश वितरण कर जाऊन लाभांश भागधारकाच्या हाती करपात्र होणार होता, त्यामुळे अनेक कंपन्यांनी मार्चअखेरीच्या आतच लाभांश देऊन टाकला. बजाजच्या या तिन्ही कंपन्याही त्यात होत्या. नंतरच्या वर्षभरात त्यांच्याकडून लाभांश आला नाही. नफा-तोटा पत्रक पाहणाऱ्याला कंपनीचं वर्ष कोरडं गेलेलं दिसलं. त्याच पानावर खाली, नफ्याच्या ओळीनंतर, हजारो कोटींची भर पडलेली होती.

भारतीय लेखा मानकं, म्हणजे इंड एएस, 2016 पासून मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्यानं लागू झाली, तेव्हापासून नफा-तोटा पत्रकाला ही शेपटी आली आहे. वरच्या भागात विक्री, खर्च, कर आणि शेवटी ‘या कालावधीचा नफा’. तिथं डोळे थांबतात, कारण प्रति शेअर मिळकत, म्हणजे ईपीएस, त्याच आकड्यावर निघते आणि वर्तमानपत्रातल्या बातमीतही तोच आकडा येतो. खालच्या भागात ओसीआय, आणि दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण सर्वसमावेशक उत्पन्न. वर्ष संपलं की वरचा नफा साठलेल्या नफ्यात जातो. ओसीआय ताळेबंदात ‘इतर इक्विटी’ या शीर्षकाखाली आपापल्या वेगळ्या राखीव निधीत जाऊन बसतं. म्हणजे कंपनीची नक्त मालमत्ता वाढते, पण नफा वाढत नाही.

हे असं का, याचं उत्तर शोधायला एक परदेशी उदाहरण घ्यावं. अमेरिकेत 2018 पासून नियम बदलला आणि शेअरच्या भावातली वाढ-घट थेट नफ्यात घ्यावी लागू लागली. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेनं लगेच, 2018 च्या पहिल्याच तिमाहीत, सुमारे 1.1 अब्ज डॉलर तोटा दाखवला. प्रत्यक्ष व्यवसायातून मात्र त्यांनी पाच अब्जांहून जास्त कमावले होते. बफे यांनी भागधारकांना बजावलं होतं की हा निव्वळ आकडा निरुपयोगी होणार आहे. कारखाना, विमा, रेल्वे जोरात चालू असताना बाजाराच्या एका झटक्यानं नफा बुडालेला दिसणं, ही अडचण ओसीआय टाळतं. जी गुंतवणूक विकून पैसा करण्यासाठी घेतलेलीच नाही, तिच्या भावाची रोजची उलथापालथ व्यवस्थापनाच्या कामगिरीत मिसळू नये, हा त्यामागचा विचार.

पण इंड एएस 109 नं इथं एक कडक अट घातली आहे. शेअर विकत घेतानाच कंपनीनं ठरवायचं: भावातला फरक नफ्यात घ्यायचा की ओसीआयमध्ये. निर्णय प्रत्येक गुंतवणुकीसाठी वेगळा घेता येतो, पण एकदा घेतला की मागे फिरता येत नाही. खरेदी-विक्रीसाठी ठेवलेल्या शेअरना ही सवलत नाही.

आणि आता यातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट. समजा कंपनीनं 100 रुपयांचा शेअर घेतला आणि तो ओसीआयच्या खात्यात टाकला. पहिल्या वर्षअखेरीस भाव 150. कर बाजूला ठेवला तर नफ्यात शून्य, ओसीआयमध्ये 50. दुसऱ्या वर्षी शेअर 170 ला विकला. ओसीआयमध्ये आणखी 20. आता खरोखर पैसे हातात आले, तरी ते 70 रुपये नफ्याच्या ओळीत कधीच येत नाहीत. फार तर राखीव निधीतून उचलून साठलेल्या नफ्यात नेता येतात, म्हणजे इक्विटीच्या आतल्या आत एका खिशातून दुसऱ्या खिशात. मिळालेला लाभांश तेवढा वर, नफ्यात येतो.

हे दोन्ही बाजूंनी चालतं, आणि डोकेदुखी इथंच आहे. 100 चा शेअर 20 वर आला आणि विकला, तर ते 80 रुपयेही नफ्याला कधी शिवत नाहीत. वर ईपीएस गुळगुळीत, खाली भोक. हे तपासायचं असेल तर ‘इक्विटीतील बदलांचं विवरण’ उघडावं. ओसीआयमधून घेतलेल्या शेअरचा निधी वर्षागणिक उणे होत चालला आहे का, आणि विक्रीनंतर तोटा साठलेल्या नफ्याकडे सरकवला आहे का, हे तिथं ओळीओळीनं दिसतं. हे विवरण फार कमी भागधारक उघडतात, हे खेदानं म्हणावं लागतं.

ओसीआयमध्ये सगळंच असं कायमचं मुक्कामाला नसतं. पत्रकात त्याचे दोन गट दिसतात: जे पुढे कधीही नफ्यात येणार नाही ते, आणि जे पुढे येणार आहे ते. वरच्या शेअरखेरीज पहिल्या गटात ग्रॅच्युइटीचा हिशेबही येतो. कंपनीला अजून द्यायची असलेली ग्रॅच्युइटी आजच्या किमतीत मोजताना सरकारी रोख्यांच्या व्याजदरानं ती मागे आणतात. दर 7.5 वरून 6.5 टक्क्यांवर आला आणि कर्मचारी सरासरी दहा वर्षांनी निवृत्त होणार असतील, तर 20 कोटींचं देणं साधारण 22 कोटी होतं. कोणी जास्त काम केलं नाही की कोणाचा पगार वाढला नाही. तरी दोन कोटी वाढले. ते ओसीआयमध्ये जातात. वर्षभराच्या सेवेचा खर्च आणि देण्यावरचं व्याज मात्र नफ्यातूनच वजा होतं.

दुसऱ्या गटात निर्यातदाराचा हिशेब असतो. डॉलरमध्ये होणाऱ्या पुढच्या विक्रीसाठी त्यानं आज फॉरवर्ड करार केला असेल, तर त्या करारातला फायदा-तोटा विक्री होईपर्यंत ओसीआयमध्ये थांबतो आणि विक्री झाली की तिच्यासोबत नफ्यात येतो. परदेशी उपकंपनीच्या रूपांतरातला चलन-फरकही असाच थांबतो. ती उपकंपनी विकली की बाहेर पडतो.

भागधारकाला वाटेल, कागदावर एवढं आलं तर लाभांशही वाढावा. कंपनी कायद्याचं कलम 123 तिथं आड येतं: रास्त मूल्यानं मोजल्यामुळे झालेली, प्रत्यक्ष हाती न आलेली वाढ लाभांशासाठीच्या नफ्यात धरता येत नाही. महाराष्ट्र स्कूटर्सच्या भागधारकांनी म्हणूनच साडेपाच हजार कोटींकडे नुसतं बघायचं आणि बजाजच्या कंपन्या पुढचा लाभांश कधी जाहीर करतात याची वाट पाहायची.