‘अरेरावी केली’ म्हणजे नेमके काय केले?

‘आज सेकंड शिफ्टला ऑपरेटर याने नेहमीप्रमाणे अरेरावी केली. मशीन बदलण्यास सांगितले असता त्याने उद्धटपणे नकार देऊन साहेबांचा अपमान केला व अंगावर धावून आला. तो मुद्दाम काम बंद पाडतो. तरी योग्य ती कारवाई व्हावी.’

एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखान्याच्या एचआरकडे असे कागद येत असतात. हा मी नमुन्यादाखल रचला आहे. लिहिणाऱ्याचा राग खोटा नसतो. शिफ्ट संपता संपता, डोके तापलेले असताना लिहिलेला हा कागद त्याला अगदी स्पष्ट वाटतो. पण जे त्या वेळी तिथे नव्हते, त्यांना यातून घडलेली एकही गोष्ट नीट दिसत नाही. आणि पुढे मेमो, चार्जशीट, खात्यांतर्गत चौकशी आणि वेळ आलीच तर कामगार न्यायालय, हे सगळे तिथे नसलेल्या माणसांच्याच हाती असते.

असा अहवाल ‘तटस्थ करा’ म्हटले की बहुतेक जण शब्द सौम्य करतात. ‘अरेरावी’ऐवजी ‘अयोग्य वर्तन’, ‘अपमान’ऐवजी ‘अनुचित भाषा’. याने काहीच साधत नाही. ‘अयोग्य’ हाही निकालच आहे, फक्त इस्त्री केलेला. खरे काम वेगळे आहे. दोषारोपाचा शब्द दिसला की लिहिणाऱ्याला विचारायचे, तुम्ही काय पाहिले, काय ऐकले? उत्तर मिळाले तर ते लिहायचे. नाही मिळाले, तर ते वाक्य खोडायचे.

वरच्या कागदातला ‘उद्धटपणे नकार’ घ्या. सुपरवायझरला विचारल्यावर कळते की ऑपरेटरचे शब्द असे होते : ‘मी आत्ताच दोन नंबरवरून आलोय. परत मीच का? दुसऱ्याला सांगा.’ हा नकार आहे की तक्रार? वाचणाऱ्याला दोन्ही वाटू शकते, आणि तसे वाटू देणेच योग्य. पुढे तो तिथेच उभा राहिला की मशीनकडे गेला, हे लिहिले की शंका बरीचशी मिटते. ‘उद्धटपणे’ हा शब्द मात्र कशातच बसत नाही, कारण तो ऐकणाऱ्याच्या मनात घडलेला आहे.

‘अंगावर धावून आला’ हे त्याहून महत्त्वाचे. ऑपरेटर पॅनलपाशी होता, सुपरवायझर दहा-बारा फुटांवर. तो चालत आला, हातभर अंतरावर थांबला, बोट रोखून बोलला, स्पर्श केला नाही. हे एवढे लिहिले की चित्र उभे राहते. सुपरवायझरला भीती वाटली असेल तर तीही लिहावी, पण स्वतःच्या नावावर : ‘ते मला मारतील असे मला वाटले, म्हणून मी एक पाऊल मागे घेतले.’ ही साक्ष झाली. ‘दहशत निर्माण केली’ हा आरोप झाला.

राहिले ‘नेहमीप्रमाणे’ आणि ‘मुद्दाम’. पूर्वीचे प्रसंग असतील तर तारीख आणि मेमोचा क्रमांक शेवटी वेगळ्या परिच्छेदात द्यावा. नसतील तर ‘नेहमीप्रमाणे’ जाऊ द्यावे. ‘मुद्दाम’चा मामला कायद्याचा आहे. १९४६च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखाली केंद्राने जे आदर्श आदेश केले, त्यांत वरिष्ठाच्या कायदेशीर आणि वाजवी हुकमाची हेतुपुरस्सर अवज्ञा हे गैरवर्तन धरले होते. म्हणजे हुकूम दिला होता का, तो वाजवी होता का, समोरच्याला समजला का आणि त्याने जाणूनबुजून मोडला का, हे सगळे सिद्ध व्हायला लागते. यातला हेतू चौकशी अधिकाऱ्याने ठरवायचा. सुपरवायझरने तो आधीच लिहून टाकला, तर उलटतपासणीत कामगाराचा प्रतिनिधी पहिला प्रश्न तिथेच विचारतो : मनातले तुम्हाला कसे कळले?

आता शिव्यांचे काय? इथे चांगली चांगली माणसे चुकतात. तटस्थ लिहायचे म्हणून ‘अर्वाच्य भाषा वापरली’ असे लिहितात, किंवा फुल्या टाकतात. शिवी जशी दिली तशी, अवतरणात, लिहावी लागते. लाज वाटली तरी. कारण शिक्षा किती, हे त्या शब्दांवर आणि कोणत्या परिस्थितीत ते उच्चारले त्यावर ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली उत्तर प्रदेशातल्या एका कामगाराची, अविचारी भाषा वापरल्याबद्दल झालेली बडतर्फी जास्तीची ठरवली. २००५ साली महिंद्र अँड महिंद्रच्या प्रकरणात सुपरवायझरला दिलेल्या गलिच्छ शिव्यांबद्दलची बडतर्फी कायम ठेवली. दोन्हीकडे ‘असभ्य भाषा’ एवढाच शब्द कागदावर असता, तर फरक करायचा कशाच्या आधारे?

मराठीत पक्षपात शिरायला आणखी एक दार आहे, आणि ते उघडे असल्याचे लिहिणाऱ्याला जाणवतही नाही. ‘साहेब म्हणाले’ आणि ‘तो म्हणाला’. एकाला आदरार्थी, दुसऱ्याला एकेरी, म्हणजे पहिल्याच ओळीत कोण खरा ते ठरले. दोघांनाही हुद्द्याने आणि आदरार्थीच लिहावे. तसाच ‘च’ : ‘ऐकून घेतलेच नाही’, ‘बोलतच राहिला’. तो काढून वाक्य वाचून पाहावे. बऱ्याचदा माहिती तेवढीच राहते, चिमटा जातो.

उलट बाजूचीही एक फसगत आहे. ‘दोघांत बाचाबाची झाली’, ‘शब्दाला शब्द वाढला’. ऐकायला किती समतोल! पण एकाने ढकलले असेल आणि दुसऱ्याने नसेल, तर हे वाक्य खोटे आहे. कर्ता गाळून मिळवलेला समतोल हा तटस्थपणा नव्हे, मला तर तो भित्रेपणा वाटतो.

दुरुस्त अहवाल मग साधारण असा होतो :

‘संध्याकाळी ६.४०ला मी ऑपरेटरना चार नंबरच्या मशीनवर जाण्यास सांगितले. ते म्हणाले, “मी आत्ताच दोन नंबरवरून आलोय. परत मीच का? दुसऱ्याला सांगा.” मी म्हणालो, “पगार घेताना असं विचारता का?” ते पॅनलपासून चालत माझ्यापाशी आले, हातभर अंतरावर थांबले आणि बोट माझ्याकडे करून म्हणाले, “तुम्हाला मशीनमधलं काय कळतं? खुर्ची गरम करायला ठेवलंय तुम्हाला.” त्यांनी मला स्पर्श केला नाही. चार नंबर ६.५८ला दुसऱ्या ऑपरेटरने सुरू केले. तोपर्यंत ते बंद होते. पॅकिंगचे दोन हेल्पर जवळ होते.’

पहिल्या कागदात पगाराचे ते वाक्य नव्हते. एकेक शब्द बदलून ते कधीच वर आले नसते. ‘त्याच्या आधी तुम्ही काय बोललात?’ असे विचारल्यावरच आले. म्हणून शब्द तपासून झाले की घटनेतल्या मोकळ्या जागा तपासाव्या लागतात. आता कागद सुपरवायझरच्याही विरुद्ध थोडा जातो, आणि म्हणून त्यावर विश्वास बसतो. लक्षात घ्या, ऑपरेटरची बाजूही यात हलकी झालेली नाही. ‘खुर्ची गरम करायला’ हे शब्द ‘अपमान केला’पेक्षा जास्त बोलतात.

हेल्परांचे जबाब वेगवेगळे, शक्यतो त्याच शिफ्टमध्ये, त्यांच्याच शब्दांत घ्यावेत. एकाने ‘साहेबांनी आधी आवाज चढवला’ म्हटले आणि दुसऱ्याने उलट सांगितले, तर दोन्ही तसेच ठेवावेत. जुळवून घेण्याचा मोह टाळावा. ‘कबूल केले’, ‘दावा केला’ ही क्रियापदेही निकाल देतात, त्यापेक्षा साधे ‘सांगितले’ बरे. ऑपरेटरना त्यांचा जबाब वाचून दाखवावा आणि सही मागावी. त्यांनी केली नाही, तर ‘सही करण्यास टाळाटाळ केली’ असे न लिहिता, वाचून दाखवल्याची वेळ, ‘सही केली नाही’ आणि कारण सांगितले असेल तर ते त्यांच्या शब्दांत लिहून, शेजारी हजर असलेल्या दोघांच्या सह्या घ्याव्यात.