चार बाय सातच्या बाथरूमचं गणित

आपल्याकडच्या फ्लॅटमधलं कॉमन बाथरूम बऱ्याचदा चार बाय सात फुटांचं असतं, पण ते नकाशावर. प्लास्टर आणि टाइल्स चढल्या की दोन्ही दिशांनी साधारण तीन-तीन इंच जातात आणि हाती उरतात ४५ बाय ८१ इंच.

आता लांबी वाटून बघू. पहिला मान कमोडचा, कारण ड्रेनेजचा पाइप त्याला फारसं हलू देत नाही. बसल्यावर कोपर भिंतीला घासू नये म्हणून कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना किमान १५ इंच सोडायचे, म्हणजे ३० इंच गेले. टोकाच्या शॉवरला ३३ इंच. वाकून पायाला साबण लावायला तेवढे लागतातच. दाराजवळ १८ इंच राहिले, तिथे १६ इंच रुंद, १२ इंच खोल असं छोटं बेसिन बसतं.

खरी अडचण रुंदीत येते. टाकीसह कमोड भिंतीपासून २६ इंच पुढे आलं, तर समोर १९ इंच उरतात. गुडघ्यांना आणि उठताना पुढे झुकायला २१ तरी हवेत. यावर उपाय म्हणून हल्ली भिंतीला टांगलेलं कमोड सुचवतात. ते आखूड दिसतं खरं, पण आत लपवलेल्या टाकीसाठी पाच-सहा इंचांची जादा भिंत बांधावी लागली, तर वाचवलेली जागा तिथेच गेली! त्यापेक्षा २४ इंचांचं आखूड मॉडेल शोधावं. दुकानात टेप सोबत असावी.

उंचीच्या बाबतीत चूक बहुधा एकाच जागी होते. प्लंबर पाइप टाकतो तेव्हा टाइल्स बसलेल्या नसतात. त्याने कच्च्या जमिनीवरून बेसिनची कड ३२ इंचांवर धरली आणि नंतर मसाला-टाइल्सने जमीन तीन इंच वर आली, तर बेसिन २९ वर येतं आणि रोज कमरेत वाकावं लागतं. म्हणून टाइल्सची लेव्हल आधी भिंतीवर रेघ मारून घ्यावी आणि सगळी मापं त्या रेघेपासून मोजावीत: बेसिनची वरची कड ३२ ते ३४ इंच, शॉवरचं तोंड पावणेसात ते सात फूट, बादलीवरचा नळ दोन फूट. ओट्यावर ठेवायचं वाडगं-बेसिन असेल, तर ओटा २७ इंचांवरच थांबवावा. ओटा ३२ वर घेऊन वर सहा इंचांचं वाडगं ठेवलं, की तोंड धुताना पाणी कोपरांवरून बाह्यांत शिरतं.

कमोडची बैठक साधारण १६ इंचांची असते. घरात गुडघे दुखणारं कुणी असेल, तर १८ इंचांची घ्यावी. मात्र बुटक्या माणसाचे पाय त्यावर अधांतरी राहतात, तेव्हा दुकानात बसून बघायला लाजू नये.