पैठणी येवल्याची, पार्सल सुरतचं!

भाचीच्या लग्नात नेसायला पैठणी हवी होती. भिशीचे साडेसात हजार हाताशी होते. ऑनलाइन बाजारात एक मोरपंखी पैठणी मनात भरली. खाली लिहिलं होतं, 'येवल्याच्या विणकराकडून थेट, हातमागावरची.' झालं! मी पैसे भरून मोकळी.

दुसऱ्या दिवशी माल निघाल्याचा मेसेज आला. कुरिअरचा नंबर टाकून पाहिला, तर पहिलीच नोंद सुरतची! पोटात गोळाच आला.

लेक म्हणाली, "आई, एवढ्यावरून त्याला लबाड ठरवू नकोस. गोदामातूनही माल निघतो." तिचं खरं होतं. बरेच विक्रेते माल आधीच कंपनीच्या गोदामात ठेवतात. त्यामुळे खरी येवल्याची साडीही भिवंडीहून, नाहीतर परराज्यातून निघू शकते. माल कुठून निघाला एवढंच पाहून भागत नाही, ती जागा कुणाची हेही पाहायला हवं.

मग आम्ही विक्रेत्याच्या नावावर क्लिक केलं. तिथे त्याचा जीएसटी क्रमांक होता. या क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचा 27, गुजरातचा 24. इथे 24! पण परराज्यातल्या गोदामात माल ठेवणाऱ्यालाही तिथला क्रमांक घ्यावा लागतो. म्हणून लेकीने gst.gov.in वर 'Search Taxpayer' मध्ये तो क्रमांक टाकला. तिथे व्यवसायाचा मुख्य पत्ता दिसतो. तो कुठल्या गोदामाचा नव्हता, सुरतच्या कापड मार्केटमधल्या दुकानाचा होता. येवल्याचा कुठे मागमूस नाही.

तरी विक्रेत्याला विचारलंच, "माग येवल्यात कुठे आहे? याच साडीच्या पदराचा उलट बाजूचा फोटो पाठवाल का?" उत्तर आलं, "मॅडम, एकदम ओरिजिनल आहे." पत्ता नाही, फोटोही नाही.

पार्सल आलं. उघडतानाच लेकीने मोबाइलवर शूटिंग करून ठेवलं. पदर उलटा केला, तर मोरांमागे कापलेल्या धाग्यांची नुसती झालर! हातमागावरच्या पैठणीची नक्षी उलट बाजूनेही सुलटीसारखीच दिसते. 'वर्णनाप्रमाणे वस्तू नाही' असं कारण देऊन, फोटो जोडून, मुदतीत साडी परत केली. आठवड्याने पैसे आले. नसते आले, तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर लिहून ठेवलाच होता.

दुसऱ्या वेळी मात्र आधी क्रमांक पाहिला. 27, पत्ता येवल्याचा. विणकराने उलट्या पदराचा फोटो दहा मिनिटांत पाठवला. पार्सल निघालं भिवंडीहून, पण या वेळी मी निर्धास्त होते.

सुरतच्या साडीशी माझं भांडण नाही हं! सुरतची म्हणून, सुरतच्या भावात विकली असती, तर रोजच्या सणावाराला मीच घेतली असती.