एका अपूर्णांकाचे दोन सुटे भाग

अपूर्णांकांची बेरीज आपण शाळेतच शिकतो. छेद वेगळे असले की आधी ते समान करायचे आणि मग अंश मिळवायचे. 1/3 आणि 1/4 मिळवले की 7/12 येतात. आता हाच प्रश्न उलटा विचारून पाहा. कोणी नुसता 7/12 समोर ठेवला आणि म्हणाले, हा दोन अपूर्णांकांच्या बेरजेतून आला आहे, एकाचा छेद 3 आणि दुसऱ्याचा 4, तर ते अपूर्णांक कोणते? 1/3 + 1/4 हे उत्तर बरोबर आहे, पण 4/3 − 3/4 हेही बरोबर आहे. शोधायला बसलो तर आणखी कितीतरी जोड्या सापडतील. बेरीज करताना उत्तर एकच येते, पण उलटे यायचे म्हटले की अनेक फाटे फुटतात.

छेदात संख्यांच्या जागी x असलेल्या राशी आल्या की मात्र हे फाटे मिटतात. सुट्या भागांच्या अंशात नुसत्या संख्याच ठेवायच्या, x येऊ द्यायचा नाही, एवढी अट घातली की उत्तर एकच उरते आणि ते शोधायची रीतही ठरलेली आहे. या सुट्या भागांना आंशिक अपूर्णांक म्हणतात. वर्गात सर्रास ‘पार्शल फ्रॅक्शन’ म्हटले जाते. बारावीला इंटिग्रेशनच्या प्रकरणात ही रीत भेटते. त्या घाईत गणिते सुटतात, पण त्यातल्या एका पायरीवर जी शंका यायला हवी ती बहुतेकांना येत नाही. ती पायरी येईपर्यंत एक उदाहरण सावकाश सोडवू.

आपला अपूर्णांक असा आहे:

(7x − 1) / (x² − x − 6)

पहिले काम छेदाचे अवयव पाडण्याचे. ज्यांचा गुणाकार −6 आणि बेरीज −1 अशा दोन संख्या म्हणजे −3 आणि 2. म्हणून छेद होतो (x − 3)(x + 2). दोन्ही अवयव एकघाती आहेत, म्हणजे त्यांत x चा वर्ग नाही, आणि दोन्ही एकमेकांपासून वेगळे आहेत. या दोन गोष्टी जुळल्या की पुढचा मार्ग सोपा होतो. आता आपण असे मांडतो:

(7x − 1) / [(x − 3)(x + 2)] = A/(x − 3) + B/(x + 2)

A आणि B या अजून न कळलेल्या संख्या. त्या शोधण्यासाठी दोन्ही बाजूंना (x − 3)(x + 2) ने गुणले की छेद निघून जातात:

7x − 1 = A(x + 2) + B(x − 3)

हे समीकरण नेहमीसारखे ‘x ची किंमत काढा’ म्हणणारे नाही. x ची कोणतीही किंमत घातली तरी दोन्ही बाजू सारख्याच यायला हव्यात, असे ते सांगते. मग आपल्या सोयीची किंमत का घालू नये? x = 3 घातला की B च्या शेजारचा कंस शून्य होतो आणि B आपोआप बाजूला होतो. उरते 20 = 5A, म्हणून A = 4. x = −2 घातला की A बाजूला होतो. उरते −15 = −5B, म्हणून B = 3. उत्तर मिळाले:

(7x − 1) / (x² − x − 6) = 4/(x − 3) + 3/(x + 2)

ती शंका यायला हवी ती इथेच. आपण x = 3 घातला, पण मूळ अपूर्णांकाचा छेद x = 3 असताना शून्य होतो. शून्याने भागता येत नाही, म्हणजे त्या ठिकाणी मूळ अपूर्णांकाला किंमतच नाही. −2 चेही तेच. ज्या दोन किमती अपूर्णांकाला वर्ज्य आहेत, नेमक्या त्याच आपण घातल्या आणि तरी उत्तर बरोबर आले. हे चालते कसे?

चालते, कारण आपण त्या किमती अपूर्णांकात घातल्याच नाहीत. त्या घातल्या छेद निघून गेल्यानंतरच्या ओळीत, आणि त्या ओळीत भागाकार कुठेच नाही. डावीकडे 7x − 1 आहे, उजवीकडे कंस सोडवले की (A + B)x + (2A − 3B). दोन्ही सरळ रेषांच्या राशी आहेत. 3 आणि −2 वगळून x च्या बाकी सगळ्या किमतींना या राशी सारख्या आहेत, असे आपण मानले आहे. पण दोन सरळ रेषा दोन बिंदूंत जुळल्या तरी त्या पूर्णपणे एकच असतात. इथे तर त्या असंख्य बिंदूंत जुळतात. म्हणजे वगळलेल्या दोन ठिकाणीही त्या जुळणारच. म्हणून तिथली किंमत घालायची परवानगी आपल्याला आहे.

उत्तर एकच का येते, हेही याच ओळीत दिसते. x = 3 घातल्यावर A ची किंमत पक्की झाली, x = −2 घातल्यावर B ची. दोन्ही वेळा भागायला आले 5 आणि −5, म्हणजे 3 आणि −2 यांच्यातले अंतर. अवयव वेगळे आहेत म्हणूनच हे अंतर शून्य नाही आणि भागाकार करता आला.

सरावातली माणसे मधल्या दोन ओळी लिहीतही नाहीत. मूळ अपूर्णांकातला (x − 3) बोटाने झाकायचा आणि उरलेल्या (7x − 1)/(x + 2) मध्ये x = 3 घालायचा: 20/5, म्हणजे 4. मग (x + 2) झाकायचा आणि उरलेल्यात −2 घालायचा: −15/−5, म्हणजे 3. ही झाकण्याची रीत इंग्लंडच्या ऑलिव्हर हेविसाइड यांच्या नावाने ओळखली जाते. दिसायला ती हातचलाखी वाटते, पण आत चालते ते वरचेच सगळे.

उत्तर तपासायला फार वेळ लागत नाही. x ची एखादी साधी किंमत घ्यायची, मात्र आधी वापरलेली नको. x = 1 घेतला तर मूळ अपूर्णांक 6/(−6), म्हणजे −1. सुटे भाग 4/(−2) आणि 3/3, म्हणजे −2 आणि 1, बेरीज −1. जुळले. दुसरी खूण त्याहून झटपट आहे. A आणि B यांची बेरीज 7x मधल्या 7 इतकी यायलाच हवी, आणि 4 + 3 म्हणजे 7. या गणितात चूक होते ती बहुतेक वेळा चिन्हाची. समजा −15/−5 करताना एक उणे चिन्ह निसटले आणि B = −3 आला, तर बेरीज 1 होते आणि चूक लगेच पकडली जाते.

दुसरी चूक अधिक फसवी असते, कारण तिथे रीत कुठेही अडत नाही. वरच्याच छेदावर अंश म्हणून x² ठेवून पाहा. झाकण्याची रीत निमूटपणे उत्तर देते: A = 9/5, B = −4/5. पण हे दोन भाग परत मिळवले तर अंशात x² येत नाही, x + 6 येतो. काहीतरी हरवले आहे. x ला खूप मोठी किंमत दिली की काय हरवले ते कळते. मूळ अपूर्णांक तेव्हा 1 च्या जवळ जातो, कारण वर आणि खाली दोन्हीकडे x² चेच राज्य असते. सुटे भाग मात्र शून्याकडे जातात. हरवला तो हा 1. अंशाचा घात छेदाच्या घाताहून लहान नसेल, तर आधी भागाकार करायला हवा. इथे भागाकार 1 आणि बाकी x + 6 येते, आणि ही रीत फक्त बाकीवर चालवायची. योग्य उत्तर असे:

x² / (x² − x − 6) = 1 + (9/5)/(x − 3) − (4/5)/(x + 2)

अवयव वेगळे नसतील तर मांडणीच मोडते. छेद (x − 3)² असेल आणि आपण A/(x − 3) + B/(x − 3) लिहिले, तर दोन्ही मिळून (A + B)/(x − 3) एवढाच एक भाग होतो आणि वर्ग कुठून यायचा हा प्रश्न उरतो. अशा वेळी एका भागाच्या छेदात (x − 3)² घ्यावाच लागतो.

आता हे सगळे कशासाठी? अठराव्या शतकाच्या तोंडावर कलनशास्त्र नवे होते आणि अशा अपूर्णांकांचे इंटिग्रेशन कसे करायचे हा ताजा प्रश्न होता. लायब्निझ आणि योहान बर्नुली यांनी १७०२ साली सुट्या भागांची ही वाट मांडली. आपल्या उदाहरणातल्या मूळ राशीकडे बघून काही सुचत नाही, पण सुट्या भागांचे इंटिग्रेशन सरळ लॉगॅरिदममध्ये होते: 4 log|x − 3| + 3 log|x + 2|, आणि एक स्थिरांक.

फायदा इंटिग्रेशनपुरताच नाही. १६७२ साली पॅरिसमध्ये हायगेन्स यांनी तरुण लायब्निझ यांना 1 + 1/3 + 1/6 + 1/10 अशी न संपणारी बेरीज घातली होती. यातले प्रत्येक पद 2/[n(n + 1)] या रूपाचे आहे. आजच्या रीतीने n झाकून त्या जागी 0 घातला की 2 मिळतो, n + 1 झाकून −1 घातला की −2 मिळतो. म्हणजे प्रत्येक पद 2/n − 2/(n + 1) आहे. पहिले पद 2 − 1, दुसरे 1 − 2/3, तिसरे 2/3 − 1/2. एका पदातले वजा पुढच्या पदातल्या अधिकाला खाऊन टाकते. दहा पदांनंतर 2 − 2/11 एवढे उरते, शंभर पदांनंतर 2 − 2/101. लायब्निझ यांनी दिलेले उत्तर 2 हेच होते.

रीतीतला खरा कठीण भाग A आणि B काढण्याचा नाही, पहिल्या पायरीचा आहे: छेदाचे अवयव पाडण्याचा. आपल्या उदाहरणात ते पाहताच सुचले. १७०२ च्या लेखनात खुद्द लायब्निझ यांना वाटले होते, की x⁴ + a⁴ चे वास्तव संख्या वापरून अवयव पडतच नाहीत. प्रत्यक्षात ते पडतात:

x⁴ + a⁴ = (x² + √2·ax + a²)(x² − √2·ax + a²)

हे अवयव एकघाती नाहीत, वर्गाचे आहेत, आणि वास्तव संख्यांत आणखी फुटत नाहीत. अशा छेदाच्या वर नुसती संख्या पुरत नाही, Ax + B सारखी राशी लागते. म्हणून A, B मांडायला घेण्यापूर्वी छेदाकडे नीट पाहावे: अवयव सगळे एकघाती आहेत का, ते वेगवेगळे आहेत का, आणि अंशाचा घात छेदाहून लहान आहे का. तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर उरलेले काम बोटाने झाकून होते.